निळ्या पडद्याची शेवटची ओळ

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत उसाबरोबर दुधाचाही पैसा फिरतो, आणि त्या दुधाचा हिशेब आता वहीत कमी आणि संगणकात जास्त असतो. इंदापूर तालुक्यातल्या कळससारख्या गावात सकाळी डेअरीवर दूध घालायला लोक येतात. कॅन काट्यावर चढतो, नमुना फॅट मशिनमध्ये जातो, आणि फॅट, एसएनएफ, लिटर, दर असे आकडे टेबलावरच्या जुन्या संगणकात उतरतात. पावती हातात पडते. दहा दिवसांनी याच नोंदींवरून दुधाचा पगार निघतो. म्हणजे तो संगणक एखाद्या सकाळी चालू झाला नाही, तर फक्त पावत्या थांबत नाहीत. चालू दहा दिवसांचा सगळा हिशेब त्या डब्यात अडकतो.

अशा सकाळी दुरुस्तीवाला जवळ नसतो. तो बारामतीत, नाहीतर इंदापुरात असतो. त्याच्यापर्यंत पहिल्यांदा पोचतो तो मोबाईलवरून काढलेला पडद्याचा फोटो, आणि बहुतेक वेळा निदान, चुकीचं किंवा बरोबर, त्या फोटोवरच ठरतं. हा फोटो कसा काढायचा हे या प्रकरणात एका उदाहरणातून पाहू. केंद्र आणि माणसं उदाहरणापुरती धरलेली आहेत. यंत्रात जे घडतं ते मात्र जुन्या संगणकांत नेहमी घडणारं आहे.

रात्रभर लाइट नव्हती. पहाटे आली तसा केंद्रचालकाने संगणक चालू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत काही ओळी आल्या आणि शेवटी F1 दाबायला सांगितलं. त्याने दाबलं. मग विंडोज सेव्हनची ओळखीची Starting Windows ही अक्षरं दिसली, पडदा क्षणभर निळा झाला आणि संगणक आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. दोनतीनदा हेच झालं. त्याने घाईत एक फोटो काढला आणि बारामतीला व्हॉट्सॲपवर टाकला. फोटोत अर्धं टेबल, फॅट मशिन, खिडकीचा उजेड आणि मधोमध निळसर पांढरा चौकोन.

“तात्या, यात काहीच वाचता येत नाही. हार्ड डिस्क गेली असंल. घेऊन या, फॉरमॅट मारून बघू.”

“फॉरमॅट मारला तर नोंदी जात्याल की दादा. परवा पगार काढायचाय.”

दोघांचंही खरं आहे. निळा पडदा, वाचता न येणारा फोटो आणि जुनी मशिन एवढंच हातात असेल, तर अनुभवी माणूसही सगळ्यात वारंवार घडणारं कारण धरून चालतो. म्हणून वाचता येईल असा फोटो मिळवणं हेच इथलं पहिलं काम.

हा पडदा संगणकानेच का टिपू नये, असा प्रश्न कोणालाही पडेल. एरवी कीबोर्डवरची Print Screen कळ दाबली की पडद्याची प्रत मिळते. पण ती प्रत काढणारा एक छोटा प्रोग्राम असतो आणि तो विंडोजच्या आधाराने चालतो. निळा पडदा येतो तेव्हा विंडोजच्या गाभ्याने स्वतःहून सगळं थांबवलेलं असतं: काहीतरी असं बिघडलेलं असतं की पुढे चाललो तर डिस्कवरच्या माहितीचं नुकसान होईल. त्या क्षणी कोणताही प्रोग्राम चालत नाही आणि कळ दाबल्याचं ऐकायलाही कोणी नसतं. त्याआधीचा काळा पडदा तर विंडोज सुरू होण्यापूर्वीचा. तो दाखवतं बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम असलेला छोटा प्रोग्राम.

विंडोज कोसळताना एक काम मात्र करते. मेमरीतल्या माहितीचा एक तुकडा डिस्कवर लिहून ठेवते. पुढे संगणक चालू झाला तर C:\Windows\Minidump या फोल्डरात तो सापडतो आणि जाणकाराला फोटोपेक्षा जास्त सांगतो. आपल्या उदाहरणात ही सोय उपयोगाची नाही, कारण विंडोजला डिस्कच सापडत नाहीये, आणि लिहायला डिस्क नाही तर नोंद ठेवणार कुठे? सुरू होतानाच पडणाऱ्या संगणकाच्या बाबतीत अनेकदा असंच होतं. पडद्यावरची अक्षरं हाच एकमेव पुरावा उरतो, आणि तोही एक सेकंदभर दिसतो.

तो एक सेकंद वाढवता येतो. निळा पडदा झटकन नाहीसा होतो, कारण बिघाड झाल्यावर लगेच पुन्हा सुरू व्हायचं, असं विंडोजला मुळातच सांगून ठेवलेलं असतं. विंडोज सेव्हनमध्ये बायोसच्या ओळी संपताच आणि विंडोजची अक्षरं येण्याआधी F8 कळ थांबून थांबून दाबत राहायची. काही मदरबोर्डांवर याच कळीने कोणत्या डिस्कवरून सुरू करायचं याची यादी येते. तसं झालं तर डिस्क निवडून एंटर मारायचं आणि लगेच पुन्हा F8. मग जी काळी यादी येते तिच्यात Disable automatic restart on system failure अशी ओळ असते. ती निवडली की निळा पडदा आला तिथेच थांबतो, अगदी चहा पिऊन येईपर्यंत. विंडोज दहा आणि अकरामध्ये ही F8 मुळात बंद असते. तिथे लागोपाठ दोनतीनदा सुरुवात फसली की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. त्यातून Troubleshoot, Advanced options, Startup Settings असं जाऊन पुन्हा सुरू केलं की नवव्या क्रमांकावर हाच पर्याय मिळतो.

बायोसच्या काळ्या पडद्यासाठी वेगळी कळ आहे. जुन्या संगणकांवर ओळी सरकत असतानाच Pause दाबली तर पडदा तिथेच गोठतो, आणि दुसरी कुठलीही कळ दाबली की पुढे सरकतो. कंपनीचं मोठं बोधचिन्ह ओळींच्या वर आलं असेल, तर बऱ्याच बोर्डांवर Tab दाबून ते बाजूला करता येतं.

यातलं काहीच जमलं नाही, तर फोटोऐवजी व्हिडिओ घ्यावा. मोबाईल आधी डब्यावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून स्थिर करायचा, व्हिडिओ सुरू करायचा, आणि मगच संगणकाचं बटण दाबायचं. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो, त्यामुळे अर्धा सेकंद दिसलेला पडदासुद्धा १५ चित्रांत असतो. नंतर व्हिडिओ थांबवत थांबवत पुढे नेला की त्यातलं एक चित्र स्वच्छ निघतं. व्हिडिओतलं चित्र फोटोपेक्षा कमी बारकाव्याचं असतं, म्हणून मोबाईल नेहमीपेक्षा जवळ ठेवावा लागतो. व्हिडिओचा आणखी एक फायदा म्हणजे कोणता पडदा आधी आला आणि कोणता नंतर, हा क्रम त्यात आपोआप नोंदला जातो. हा क्रम किती मोलाचा असतो ते पुढे येईलच.

आता पडदा थांबला आहे आणि मोबाईल हातात आहे. इथे कॅमेऱ्याची एक सवय माहीत असायला हवी. कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मोजतो. पडदा गडद निळा किंवा काळा आणि त्यावर बारीक पांढरी अक्षरं असली की कॅमेऱ्याला वाटतं समोर अंधार आहे. मग तो उजेड वाढवतो, अक्षरं फुगतात, आणि 8 आणि B यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजून जातात. तात्यांच्या फोटोत निळ्याचं पांढुरकं झालं ते यामुळेच. उपाय सोपा आहे. मोबाईलच्या पडद्यावर नेमक्या अक्षरांवर बोट दाबून धरायचं, म्हणजे फोकस आणि उजेड तिथे बांधला जातो, आणि शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. निळा रंग गडद दिसेपर्यंत ओढलं तरी चालतं. फोटो काळपट वाटला तरी अक्षरांच्या कडा शाबूत राहतात, आणि आपल्याला हव्यात त्या कडाच. काळपट फोटो नंतर उजळता येतो. फुगलेल्या अक्षरांची बुजलेली पोकळी मात्र परत आणता येत नाही.

फ्लॅश बंदच ठेवायचा. पडद्याला स्वतःचा उजेड असतो, फ्लॅशने त्यात फक्त एका पांढऱ्या गोळ्याची भर पडते. खिडकी किंवा ट्यूब पडद्यात दिसत असेल तर ट्यूब बंद करावी, नाहीतर पाठीमागे कोणाला गडद घोंगडी किंवा चादर धरून उभं करावं. फोटो काढण्यापूर्वी मोबाईलची काच सुती कापडाने पुसावी. डेअरीवर काम करणाऱ्या हातांची स्निग्धता काचेवर राहते, आणि गडद पडद्यावरच्या प्रत्येक अक्षराभोवती धुकं येतं ते बहुतेक त्याचंच.

फोटोत कधी आडवे काळे पट्टे येतात. एलईडीचा उजेड असलेले बरेच मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी दिवे भराभर बंद-चालू करतात. डोळ्याला ते कळत नाही, पण मोबाईलचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, म्हणून काही ओळी उजेडात वाचल्या जातात आणि काही अंधारात. मॉनिटरचा उजेड बटणाने पूर्ण वाढवला की दिवे सलग जळतात आणि पट्टे जातात. तरीही राहिले तर मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर १/६० किंवा १/३० ठेवावं. बहुतेक मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवतात, त्यामुळे या वेळेत किमान एक पूर्ण चित्र टिपलं जातं. शटर एवढं सावकाश असलं की हात हलून चालत नाही. कोपरं टेबलावर टेकवावीत, किंवा दोन सेकंदांचा टायमर लावावा. पट्ट्यांऐवजी पाण्यावरच्या तरंगांसारख्या रंगीत रेघा दिसल्या, तर कारण वेगळं असतं: पडद्याच्या ठिपक्यांची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर पडलेली असते. अशा वेळी हातभर मागे सरून किंवा किंचित कोन बदलून दुसरा फोटो घ्यावा.

अंतराचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक फोटो इथेच वाया जातात, आणि तो थोडा हिशेब करूनच नीट पटतो. विंडोज सेव्हनचा निळा पडदा ६४० ठिपके रुंद असतो आणि एका ओळीत साधारण ८० अक्षरं मावतात. मोबाईल १२ मेगापिक्सेलचा असेल तर आडव्या फोटोची रुंदी सुमारे ४,००० ठिपके. मॉनिटरने फोटो काठोकाठ भरला, तर एका अक्षराच्या वाट्याला ५० ठिपके येतात. हे भरपूर झाले. पण व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो साधारण १,६०० ठिपक्यांपर्यंत लहान होतो. मग एका अक्षराला २० उरतात. अजूनही वाचता येतं. आता तात्यांचा फोटो घ्या. त्यात मॉनिटरने रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग व्यापला होता. म्हणजे व्हॉट्सॲपवरून पोचेपर्यंत एका अक्षराला सातही ठिपके उरले नाहीत, आणि तेवढ्यात 8, B आणि E सारखेच दिसतात. कॅमेरा चांगला होता. फोटोची दोन तृतीयांश रुंदी टेबलावर आणि खिडकीवर गेली, एवढंच.

या तीन अक्षरांवर किती अवलंबून असतं ते पाहा. पडदा थांबवून, मोबाईल आडवा धरून, काठोकाठ काढलेल्या दुसऱ्या फोटोत तळाशी ही ओळ वाचता आली:

```
*** STOP: 0x0000007B (0x80786B58,0xC0000034,0x00000000,0x00000000)
```

वरच्या भागात इंग्रजीत परिच्छेदभर मजकूर असतो. व्हायरस तपासा, नवीन बसवलेली डिस्क काढा, CHKDSK /F चालवा, वगैरे. लोक नेमका तोच भाग मोठ्या कष्टाने टिपतात, कारण तो वाचता येण्यासारखा असतो. पण तो ठरावीक छापील सल्ला आहे, या संगणकाचं निदान नव्हे. निदानाची माहिती तळाच्या ओळीत असते. काही बिघाडांत वर मोठ्या अक्षरांत बिघाडाचं नावही येतं. विंडोज सेव्हनच्या या बिघाडात बहुधा तेही येत नाही, फक्त आकडा येतो. 7B म्हणजे ज्या डिस्कवरून सुरू व्हायचं ती विंडोजला मिळत नाही. हाच आकडा 7E वाचला गेला तर अर्थ होतो गाभ्यातल्या एखाद्या कामात न सांभाळता आलेली चूक, आणि मग दुरुस्तीवाला ड्रायव्हर शोधत बसतो. 7F वाचला तर तो मेमरीची पट्टी बदलून पाहतो. एका धूसर अक्षराने माणूस पूर्ण वेगळ्या वाटेला लागतो.

वाचणाऱ्याला एक मदत मिळते. या आकड्यांत 0 ते 9 आणि A ते F एवढीच चिन्हं येतात. त्यामुळे गोल दिसलं की ते O नसून शून्यच किंवा D, आणि S कधीच नसतो, तो 5 असतो. म्हणून फोटोबरोबर ती ओळ हाताने टाइप करूनही पाठवावी. टाइप केलेली ओळ दुरुस्तीवाल्याला शोधता येते, आणि टाइप करताना चूक झाली तर फोटो ती पकडून देतो. कंसातला पहिला आकडा मेमरीतला पत्ता आहे, तो संगणकागणिक बदलतो. दुसरा, C0000034, मागितलेली वस्तू त्या नावाने सापडली नाही असं सांगतो.

पाठवताना व्हॉट्सॲपमध्ये फोटो म्हणून न पाठवता Document म्हणून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. एचडी हा पर्याय मधला आहे. कागदपत्रं स्कॅन करणाऱ्या ॲपमधून फोटो काढू नये. ती ॲप्स रंग काढून शुद्ध काळं-पांढरं करतात आणि त्यात अक्षरांच्या बारीक कडा तुटतात.

एवढं झालं तरी बारामतीचा माणूस अजून डिस्क गेली असंच म्हणू शकतो, आणि त्याला चूक म्हणता येणार नाही. 7B डिस्क मेल्याने येतो, केबल सैल झाल्यानेही येतो, व्हायरसने सुरुवातीच्या फाइली बिघडवल्या तरी येतो. आकडा दार दाखवतो, आत काय आहे ते नाही. खरा उलगडा झाला तो तात्यांनी न पाठवलेल्या फोटोतून. संगणक पुन्हा चालू करून त्यांनी तो पहिला काळा पडदा टिपला, ज्यावर सकाळी F1 दाबून ते पुढे गेले होते. त्यावर होतं:

```
CMOS checksum error - Defaults loaded
Press F1 to continue, DEL to enter SETUP
```

त्याच पडद्यावर वरच्या बाजूला हार्ड डिस्कचं नाव आणि मॉडेलचा नंबर छापून आला होता. या दोन फोटोंनी जवळजवळ सगळं सांगितलं. डिस्कचं नाव येतंय, म्हणजे ती जिवंत आहे, निदान हाक मारली की ओ देते. आणि बायोसच्या सेटिंग पुसल्या जाऊन कारखान्यातल्या मूळ सेटिंग परत आल्या आहेत.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, तीन व्होल्टची. बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ तिच्यावर टिकतं. संगणक बंद असला तरी प्लगमध्ये वीज असते तोवर पॉवर सप्लायच हे काम करतो आणि बॅटरीला ताण येत नाही. म्हणून बॅटरी उतरत चालली तरी महिनोन्महिने कळत नाही. मग एखाद्या रात्री लाइट जाते, सगळा भार तिच्यावर येतो, आणि सकाळी सेटिंग गेलेल्या असतात. मीटर लावून पाहिलं तर तीनऐवजी अडीच व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी दिसतं.

पुसल्या गेलेल्या सेटिंगमध्ये एक असते डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीची. ती IDE किंवा AHCI असते. या संगणकावर विंडोज बसवली तेव्हा ती IDE होती, आणि विंडोज सेव्हनने त्याच पद्धतीचा ड्रायव्हर सुरुवातीला चालू होईल असा ठेवला होता. बोर्डाची मूळ सेटिंग AHCI. बॅटरी गेली, AHCI परत आलं, आणि विंडोज आपल्या जुन्या वाटेने डिस्क शोधत राहिली. डिस्क तिथेच होती, नोंदी तशाच होत्या, फक्त दोघांची भाषा जुळत नव्हती. नवी बॅटरी बसवली, DEL दाबून सेटअपमध्ये जाऊन SATA Mode पुन्हा IDE केला, तारीख आणि वेळ लावली, F10 दाबून सेव्ह केलं, आणि संगणक चालू झाला. तारीख विसरून चालत नाही. नाहीतर त्या दिवशीचं दूध अनेक वर्षांपूर्वीच्या खात्यात जमा होतं आणि पगाराच्या दिवशी कोणाचाच हिशेब जुळत नाही. SATA Mode बदलूनही 7B आला असता, तर मात्र केबल आणि डिस्क तपासायची वेळ होती.

फॉरमॅट मारला असता तर काय झालं असतं, हेही बघण्यासारखं आहे. विंडोज AHCI मध्ये नव्याने बसली असती, संगणक सुरळीत चालला असता, डिस्कच बिघडली होती असं सगळ्यांना वाटलं असतं, आणि दहा दिवसांच्या नोंदी कायमच्या गेल्या असत्या. पहिल्या पडद्याचा फोटो नसल्यामुळे चुकीचं निदान खरं ठरून गेलं असतं.

नव्या विंडोजच्या पडद्यावर मजकूर कमी आणि अक्षरं मोठी असतात, त्यामुळे फोटो सोपा झाला आहे. पण तिथे एक फसगत होते. २०१६ पासून विंडोज दहाच्या निळ्या पडद्यावर क्यूआर कोड येतो, आणि अनेक जण फक्त तोच टिपतात. त्या कोडमध्ये तुमच्या संगणकाच्या बिघाडाची माहिती नसते. तो मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या सर्वसाधारण पानावर नेतो. कामाच्या असतात त्याच्या शेजारच्या बारीक ओळी: Stop code पुढचे शब्द आणि कधीकधी What failed पुढचं फाइलचं नाव. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं सदोष अपडेट आपल्याकडे सकाळी पावणेदहाच्या सुमारास सुटलं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे जगभरात सुमारे ८५ लाख संगणक कोसळले आणि भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या दिवशी फिरलेल्या फोटोंमध्ये What failed पुढे csagent.sys हे नाव दिसत होतं. ते वाचता आलं की दोष विंडोजच्या कुठल्या भागात शोधायचा नाही आणि कोणत्या कंपनीकडे बोट दाखवायचं, हे कळत होतं. लिनक्सच्या गाभ्यात २०२४ च्या अखेरीस आलेल्या सोयीत मात्र कोसळतानाची नोंदच क्यूआर कोडमध्ये भरता येते. तिथे कोडचा स्वच्छ फोटो हाच पूर्ण पुरावा असतो.

फोटो पाठवण्यापूर्वी त्यात आणखी काय आलंय ते पाहावं. टेबलावरची पासबुकं आणि आधारच्या झेरॉक्स फोटोत येता कामा नयेत. बिटलॉकरचा निळा पडदा आला, तर त्यावर छापलेला Key ID दाखवायला हरकत नाही. पण तो उघडण्याची ४८ अंकी किल्ली ज्या कागदावर लिहिली आहे, त्याचा फोटो कोणालाही पाठवू नये. Document म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये फोटोची वेळ जाते, आणि लोकेशन चालू असेल तर जागाही जाते. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला वेळ उपयोगी पडते. अनोळखी माणसाला पाठवताना लोकेशन बंद करून फोटो काढावा.

तुमचा संगणक आज व्यवस्थित चालू असेल तर दोन कामं आजच करून ठेवा. सुरू करताना DEL दाबून सेटअपमध्ये जा आणि प्रत्येक पानाचा, विशेषतः SATA Mode च्या पानाचा, काठोकाठ फोटो काढा. काही न बदलता Esc दाबून बाहेर या, आणि ते फोटो तुमच्या दुरुस्तीवाल्यालाही पाठवून ठेवा. मग विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि R एकत्र दाबून हे टाइप करा:

```
sysdm.cpl
```

Advanced मध्ये जाऊन Startup and Recovery खालचं Settings उघडा आणि Automatically restart पुढची खूण काढा. पुढच्या वेळी निळा पडदा आला तर तो तुम्ही फोटो काढेपर्यंत थांबेल.